रामनवमीचं पान

“मार्च महिन्यातील विक्रीवाढीबाबत व्यवस्थापनाशी चर्चा केली. स्पष्टीकरण समाधानकारक आढळले.”

हे वाक्य मी मे 2023 मध्ये एका ऑडिट फाइलीत लिहिलं. खाली माझी सही आहे, तारीख आहे. ती फाइल आजही आमच्या ऑफिसच्या कपाटात आहे आणि ते पान तिच्यातून काढलेलं नाही. मी काढून नवं लावायला निघालो होतो, पण ज्यांच्या हाताखाली मी काम शिकत होतो त्या मॅडमनी काढू दिलं नाही. “त्या दिवशी तुला जे वाटलं ते तसंच राहू दे. पुढे काय सापडलं ते त्याच्या मागे लाव,” म्हणाल्या.

माझ्या आर्टिकलशिपचं, म्हणजे सीए होण्याआधीच्या उमेदवारीचं, ते तिसरं वर्ष. कंपनी हिंगणा एमआयडीसीतली, पाणीपुरवठ्याच्या कामांना लागणारे एचडीपीई प्लास्टिकचे पाइप बनवणारी. काळाभोर पाइप, अंगावर निळ्या रेघा, आणि दर मीटरला छापलेला बॅच नंबर. वर्षाची विक्री 46 कोटींची. माझ्याकडे विक्री आणि गिऱ्हाइकांकडचं येणं तपासायचं काम होतं. त्याआधी 1 एप्रिलच्या सकाळी स्टॉक मोजायलाही मीच गेलो होतो. यार्डात हिंडून पाइपांच्या थप्प्या मोजल्या होत्या आणि मोजलेल्या प्रत्येक थप्पीवर पांढऱ्या खडूनं आकडा टाकला होता. त्या खडूकडे पुढे परत यावं लागेल.

फायनान्स मॅनेजरना कारखान्यात सगळे ‘भाऊ’ म्हणत. पन्नाशीचे, गोल चेहऱ्याचे, कायम हसरे. ऑडिटला आलेल्या पोरांना बहुतेक कंपन्यांत गोडाऊनशेजारचं एखादं टेबल मिळतं आणि पंखा मिळाला तर नशीब. भाऊंनी आम्हाला स्वतःच्या केबिनशेजारची कूलरवाली खोली दिली होती. सकाळी तर्री-पोहे, दुपारी स्टीलच्या मोठ्या ग्लासात ताक. “या सीएसाहेब,” म्हणायचे मला. मी अजून सीए झालो नव्हतो. बावीस वर्षांच्या पोराला मेच्या उन्हात कुणी असं बसवून घेतलं की त्याच माणसाला एकच प्रश्न दुसऱ्यांदा विचारायला जीभ रेटत नाही. भाऊ काही आव आणत नव्हते. ते खरोखरच मायाळू होते, आणि आजही मी तसंच म्हणेन.

पहिल्याच दिवशी महिन्यांचे आकडे मांडले तेव्हा मार्च डोळ्यात भरला. इतर अकरा महिन्यांची सरासरी साडेतीन कोटींच्या आसपास आणि एकट्या मार्चमध्ये 7 कोटी 40 लाख. वर्षअखेरचा महिना असा फुगलेला दिसला की पुढच्या वर्षाची विक्री अलीकडे ओढली आहे का, हे पाहायचं असतं. आमच्या भाषेत कट-ऑफ. मी भाऊंकडे गेलो. प्रश्न पुरा व्हायच्या आत त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला.

“मार्चचं विचारून राहिले ना? बसा. सरकारी पैसा आहे साहेब. 31 मार्चपर्यंत खर्ची पडला नाही का परत जाते. म्हणून कंत्राटदार फेब्रुवारीपर्यंत थंड असते आन् मार्चात धावत येते. जलजीवनची कामं चालू आहेत, तुम्हाला तं माहीतच आहे.”

मागच्या दोन वर्षांचे मार्चही त्यांनी दाखवले. तेही फुगलेले. हे सगळं खरं होतं. सरकारी खात्यांची मार्चअखेरची धावपळ आपण सगळेच पाहतो. मी मान डोलावली आणि महिनाअखेरची बिलं काढून बसलो.

त्यात 30 मार्चची चार बिलं होती, चारही पाइपलाइन कंत्राटदारांची, करापूर्वी मिळून 1 कोटी 12 लाखांची. त्यांच्या ई-वे बिलावर, म्हणजे माल वाहून नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या कागदावर, भाग ‘ब’ रिकामा होता. गाडीचा नंबर याच भागात भरतात. नंबर नाही म्हणजे माल कोणत्या गाडीनं गेला हे त्या कागदावरून कळत नाही, आणि ई-वे बिलाची मुदतही भाग ‘ब’ भरल्यावरच सुरू होते. मला वाटलं, काहीतरी सापडलं. परत भाऊंकडे गेलो.

भाऊ खुश झाले. विद्यार्थ्यानं चांगला प्रश्न विचारला की मास्तर खुश होतात, अगदी तसे. “बरोब्बर पकडलं! पण नियम पाहा. आपल्या कारखान्यातून ट्रान्सपोर्टरच्या गोडाऊनपर्यंतच माल न्यायचा असेल, राज्यातल्या राज्यात आन् 50 किलोमीटरच्या आत, तं भाग ‘ब’ लागत नाही. माल वाडीला गेला. तिथून ट्रान्सपोर्टर पुढची गाडी लावून राहिला.”

मी नियम काढून वाचला. भाऊंनी सांगितलं तसाच होता. वाडी, अमरावती रोडवरची ट्रान्सपोर्टची वस्ती, हिंगण्याहून कितीही वळसा घातला तरी 50 किलोमीटर भरत नाही. मी अजून घुटमळतोय हे पाहून त्यांनी बिलावरच्या क्यूआर कोडवर बोट ठेवलं. “हे ई-इन्व्हॉइस आहे, सरकारी पोर्टलवरून नंबर आलेला. 18 टक्के जीएसटी भरला आहे याच्यावर. वीस लाख रुपये, साहेब. खोट्या बिलावर कोन भरते वीस लाख?”

त्या संध्याकाळी मेट्रोनं घरी जाताना मला ऑडिटर झाल्यासारखं वाटत होतं. प्रश्न विचारला, आडवा प्रश्न विचारला, नियम स्वतः वाचला. वर नवीन काहीतरी शिकलो. दुसऱ्या दिवशी ते समाधानाचं वाक्य लिहून सही केली.

आठवड्यानं मॅडम फाइल पाहायला बसल्या. विक्रीचं पान त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, “हे स्पष्टीकरण खोटं असतं, तर या फाइलीत काय वेगळं दिसलं असतं?”

मी विचार करायला लागलो. मार्चची घाई? ती तशीच असती. 50 किलोमीटरचा नियम तसाच असता. ई-इन्व्हॉइसचा नंबर बिल पोर्टलवर नोंदलं की मिळतो, पाइप यार्डातून हलला की नाही हे पोर्टल विचारत नाही. जीएसटी? कंत्राटदार खरे होते, ऑर्डरी खऱ्या होत्या, तो कर पुढेमागे भरायचाच होता. थोडा आधी भरला, एवढंच. माझ्या फाइलीतला एकही कागद बदलला नसता. सगळं एका केबिनमधून आलेलं होतं, एकाच माणसाच्या तोंडून आणि त्याच्याच प्रिंटरमधून.

एसए 200 हे ऑडिटचं मानक मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. व्यवस्थापन प्रामाणिक आहे असा आपला अनुभव असला, तरी त्या विश्वासावर कमी पुराव्यात समाधान मानायचं नाही, असं ते सांगतं. एसए 500 सांगतं की नुसत्या विचारपुशीनं सहसा पुरेसा पुरावा होत नाही. आणि विक्रीच्या बाबतीत गैरव्यवहाराचा धोका आहे, हे गृहीत धरूनच सुरुवात करा, असं एसए 240 मध्ये आहे. तिन्हींवर मी चांगली उत्तरं लिहिली होती. पण परीक्षेत मनात एखादा आडमुठा, नजर चुकवणारा मॅनेजर धरून उत्तर लिहिलं जातं. समोर ताकाचा ग्लास ठेवून नियम समजावून सांगणारा मनात येत नाही.

“माल वाडीला गेला म्हणतात ना?” मॅडम म्हणाल्या. “मग वाटेत आणखी कुणीतरी तो पाहिला असेल. अकाउंट्समध्ये न बसणारं कुणीतरी. त्यानं काय लिहून ठेवलंय ते बघ.”

मी आधी कागदावरच हिशेब केला. मला तो कधीच करावासा वाटला नव्हता. चार बिलांत मिळून 200 मिलिमीटरचे, सहा मीटर लांबीचे 2,840 पाइप होते. वजन ऐंशी टनांच्या घरात. पण पाइप पोकळ, गाडी वजनाच्या आधी जागेनं भरते. वीस फुटी ट्रकमध्ये असे जेमतेम दीडशे बसतात. म्हणजे वीसेक फेऱ्या. एका दिवसात वीस फेऱ्या झाल्या असतील तर गेटवर त्या कुणालातरी दिसल्या असणारच.

गेटवरचा चौकीदार सिक्युरिटी एजन्सीचा माणूस होता, कंपनीच्या पगारपत्रकावर नव्हता. मार्चचं रजिस्टर भरून संपलं होतं, ते त्यानं खाटेखालच्या पेटीतून काढून दिलं. पुठ्ठ्याचं, लांबट, कोपरे दुमडलेलं. रकाने त्यानंच पट्टीनं आखलेले: गाडी नंबर, ड्रायव्हर, आत, बाहेर, माल. निळ्या बॉलपेनचं तिरकं अक्षर. 28 मार्चला सहा गाड्या बाहेर. 29 ला सात. पान उलटलं. 30 मार्चच्या पानावर एकही गाडी नव्हती. पानभर आडवी रेघ मारून मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: ‘रामनवमी – सुट्टी’.

मी तिथंच खाटेच्या कडेवर बसलो. त्या दिवशी संध्याकाळी मी स्वतः पोद्दारेश्वर राम मंदिराची शोभायात्रा पाहायला गर्दीत उभा होतो. आणि दोन महिन्यांनी चार बिलांवर 30-03-2023 अशी तारीख वाचून मला काहीच आठवलं नाही. बिलावरची तारीख म्हणजे नुसते आकडे, असंच मी ती वाचत आलो होतो. तो एक दिवस होता, आणि त्या दिवशी नागपुरात काय चाललं होतं हे मला चांगलं माहीत होतं.

“सुट्टीला एखादी गाडी लिहायची राहिली असेल का?” मी विचारलं.

“दादा, गेटाची चाबी माझ्याच कंबरेला असते,” तो म्हणाला. “गाडी बाहेर काढली का मी लिवतोच. नाही लिवलं तं चोरी माझ्यावरच येते ना.”

या उत्तराचं वजन मला तेव्हा कळलं. त्या रजिस्टरात खोटं लिहून त्याचा काही फायदा नव्हता, लिहायचं राहिलं तर मात्र तोटा होता. तरी तेवढ्यावर थांबता आलं नसतं, रजिस्टरही चुकतं. 31 मार्चच्या पानावरच्या पाचही गाड्या दुसऱ्या बिलांच्या निघाल्या. मग ट्रान्सपोर्टरच्या बिल्ट्या, म्हणजे माल उचलल्याच्या पावत्या, मागवल्या. चार बिलांच्या मिळून एकोणीस बिल्ट्या आल्या, पहिली 10 एप्रिलची, शेवटची 18 एप्रिलची. चौकीदाराच्या नव्या रजिस्टरात त्याच तारखांना त्याच गाड्या बाहेर पडलेल्या.

म्हणजे माल एप्रिलमध्ये गेला. विक्री पुढच्या वर्षाची. इथवर मामला वीस लाखांचा होता: 1 कोटी 12 लाखांची विक्री आणि तिची साधारण 92 लाखांची किंमत, मधला नफा अलीकडच्या वर्षात आला. पण माल 10 एप्रिलपर्यंत यार्डात होता, तर 1 एप्रिलला मी काय मोजलं होतं?

ऑफिसला येऊन माझेच स्टॉक शीट काढले. सरकारी कामाच्या पाइपांना माल हलण्यापूर्वी त्रयस्थ संस्थेची तपासणी लागते, त्या अहवालात बॅच नंबर असतात आणि अहवाल बिलाला जोडलेला असतो. एका हातात तो अहवाल, दुसऱ्या हातात माझा शीट. मागच्या यार्डातल्या 14 ते 24 नंबरच्या अकरा थप्प्या. बॅच तेच. नग 2,840. अक्षर माझं. खडूनं आकडे टाकताना काळ्या पाइपावर हात कसा घसरत होता तेही आठवलं.

कंपनी वर्षअखेरचा साठा प्रत्यक्ष मोजणीवरून धरत होती. त्यामुळे तेच पाइप विक्रीतही होते आणि शिल्लक साठ्यातही. नुसती घाईनं दाखवलेली विक्री असती तर नफा वीस लाखांनी फुगला असता. साठाही तसाच राहिल्यामुळे तो पूर्ण 1 कोटी 12 लाखांनी फुगला. करपूर्व नफा 2 कोटी 30 लाख दाखवला होता, त्याच्या जवळजवळ निम्मा. शिवाय नफ्याचं प्रमाण यंदा दोन टक्क्यांनी वाढलं होतं. त्यालाही भाऊंनी कारण दिलं होतं: प्लास्टिकच्या दाण्याचा भाव उतरला. तेही मी लिहून घेतलं होतं.

बैठकीला मॅडम आल्या. बोलायचं मला सांगितलं होतं. मी बिल्ट्या आणि दोन्ही रजिस्टरांच्या झेरॉक्स ठेवल्या. भाऊंचं हसू मावळलं नाही. “हो ना, माल इथंच होता. पार्टीनंच सांगितलं, साइटवर जागा नाही, तुमच्याकडं राहू द्या. बिल झालं, माल त्यांचा झाला. एएस 9 मध्ये बसते हे.”

आणि हेही बरोबर होतं! एएस 9 हे विक्री कधी धरायची ते सांगणारं लेखामानक. खरेदीदाराच्या विनंतीवरून माल थांबवला, मालकी त्यानं स्वीकारली, बिल मान्य केलं, तर माल न हलताही विक्री धरता येते. अट अशी की तो माल हातात असावा, त्याच्या नावानं वेगळा काढलेला असावा आणि पाठवायला तयार असावा. क्षणभर मी पुन्हा तसाच विरघळलो. पण आठवड्यापूर्वी माल वाडीला गेला होता आणि आज तो यार्डात होता. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी चोख होत्या, फक्त एकाच वेळी खऱ्या असू शकत नव्हत्या. मॅडमनी ते बोलून दाखवलं नाही. त्यांनी विचारलं, “पार्टीचं मार्चमधलं पत्र आहे का? मेल, व्हॉट्सअ‍ॅप, काहीही?”

“मागवतो. उद्यापर्यंत आणून देतो.”

“मार्चमधलं,” मॅडम पुन्हा म्हणाल्या.

मग मी स्टॉक शीट पुढे केला. त्या अकरा थप्प्यांवर वेगळी पाटी नव्हती, दोरी नव्हती, कुणाचं नाव नव्हतं. माझे खडूचे आकडे 1 ते 31 सलग गेले होते आणि त्या दिवशी सोबत असलेल्या स्टोअरकीपरनं एकदाही म्हटलं नव्हतं की हा माल आपला नाही. शीटवर त्याचीही सही होती. भाऊ तो कागद बराच वेळ पाहत राहिले. पहिल्यांदाच त्यांच्याकडे लगेच द्यायला उत्तर नव्हतं.

“स्टॉकमध्ये धरायला नको होतं,” शेवटी म्हणाले. “ते चुकलं.”

त्यांनी साठ्यातून 92 लाख कमी करायची तयारी दाखवली. मॅडमनी ते मानलं नाही. पत्र नाही, माल वेगळा काढलेला नाही, तेव्हा मागे घ्यायची ती विक्री. संचालकांशी दोन बैठका झाल्या आणि अखेर नोंदी दुरुस्त झाल्या. विक्री 44 कोटी 88 लाखांवर आली. नंतर समजलं की बँकेकडे कॅश क्रेडिटचं नूतनीकरण अडलं होतं आणि तिथं साडेपंचेचाळीस कोटींचा अंदाज दिलेला होता. भाऊंना वरून कुणी सांगितलं होतं, की त्यांनी आपणच कंपनीसाठी केलं, की साठ्याची गोष्ट खरंच नजरचूक होती, हे मला आजही सांगता येत नाही. त्यांच्या खिशात एक रुपया गेला नव्हता, एवढं मात्र दिसलं.

मार्चची उरलेली सगळी मोठी बिलंही मी गेट रजिस्टर आणि बिल्ट्यांशी एक एक ताडून पाहिली. ती खरी निघाली. मार्चची विक्री चार बिलं वगळूनही 6 कोटी 28 लाख राहिली, इतर महिन्यांच्या पावणेदोन पटीच्या वर. सरकारी पैसा, कंत्राटदारांची धावपळ, जलजीवनची कामं: भाऊंनी सांगितलेलं सगळं त्या 6 कोटी 28 लाखांबद्दल खरं होतं. मला हेच सगळ्यात जास्त लागलं. मी त्या खऱ्या गोष्टीला सगळ्या 7 कोटी 40 लाखांवर पांघरूण घालू दिलं होतं, आणि त्याखाली चार बिलं झाकून गेली. दाण्याचा भावही उतरला होताच. पण त्यानं नफ्याचं प्रमाण किती वाढायला हवं, याचा हिशेब मी केला नव्हता. दुरुस्तीनंतर ते प्रमाण जवळपास मागच्या वर्षाइतकंच आलं.

काम संपलं त्या दिवशी संध्याकाळी भाऊ म्हणाले, “चला, लोकमान्य नगर मेट्रोला सोडून देतो. उन्हं अजून उतरली नाहीत.” मी गाडीत बसलो. हिंगणा रोडवर त्यांनी मुलीच्या बारावीच्या निकालाबद्दल सांगितलं, माझ्या फायनलची तारीख विचारली, आधी कोणता ग्रुप काढावा याचा सल्ला दिला. सल्ला चांगला होता. स्टेशनच्या खाली गाडी लावून ते माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर तेच हसू होतं, आणि त्यात मला राग दिसला नाही.

“एक सांगा साहेब. आता तर झालं सगळं. तुम्हाला पहिल्यांदा नेमकं कुठं खटकलं?”

इतक्या आपुलकीनं विचारलं की उत्तर ओठांवर आलं. पुढच्या वर्षी याच गेटवर हेच रजिस्टर मला पुन्हा उघडायचं होतं. मी बॅग खांद्याला लावली.

“मॅडमना विचारून सांगतो, भाऊ,” म्हणालो, आणि जिना चढायला लागलो.